झ्विकीचा तक्ता आणि न विचारलेला प्रश्न

मंडळी, १९४३ सालच्या दोन घटना आज आपण शेजारी ठेवून बघू. फ्रिट्झ झ्विकी हे मूळचे स्विस खगोलशास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियात एरोजेट कंपनीचं संशोधन पाहत होते. जेट इंजिनं किती प्रकारची असू शकतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. सुचतील ती इंजिनं लिहून काढण्याऐवजी त्यांनी इंजिनाचे गुणधर्म एकाखाली एक मांडले आणि प्रत्येकासमोर शक्य ते सगळे पर्याय लिहिले. हेच मॉर्फॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस.

त्यातल्या चारच ओळी आपण घेऊ. इंजिन कशात चालणार? निर्वात, हवा, पाणी की जमीन? इंधन कसलं? वायू, द्रव की घन? ते जाळणारा पदार्थ सोबत न्यायचा की बाहेरून घ्यायचा? ज्वलन सलग की थांबून थांबून? चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे ४८ जोडण्या झाल्या.

आता छाटणी. ४८ जोडण्या एकेक तपासत बसायचं नाही, पर्यायांच्या जोड्या तपासायच्या. निर्वातात बाहेरून काही घेता येत नाही. ही एक जोडी खोडली की सहा जोडण्या एकदम जातात आणि ४२ उरतात. पण पाणी आणि ‘बाहेरून’ ही जोडी? हात शिवशिवतो, पण थांबा. लिथियमसारखा धातू पाण्याशीच अभिक्रिया करतो. म्हणजे जोडी विचित्र आहे, अशक्य नाही. विसंगत तेवढंच खोडायचं, अनोळखी ते ठेवायचं.

झ्विकींच्या त्या वेळच्या तक्त्यात ५७६ जोडण्या होत्या. जर्मनांची तेव्हा गुप्त असलेली व्ही-१ आणि व्ही-२ ही अस्त्रं त्यांत बसत होती, असं त्यांनी पुढे नोंदवलं. आपल्या छोट्या तक्त्यातही ती सापडतात: व्ही-१ म्हणजे द्रव इंधन, बाहेरची हवा, थांबून थांबून ज्वलन, व्ही-२ म्हणजे द्रव इंधन, सोबत नेलेला ऑक्सिजन, सलग ज्वलन.

त्याच वर्षी लंडनमध्ये पेनेम्युंडेची हवाई छायाचित्रं टेबलावर होती. ब्रिटिश तज्ज्ञांचा अनुभव घन इंधनाच्या रॉकेटांचा. त्या हिशेबानं एवढं मोठं रॉकेट पटेना; चर्चिल यांचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांना तर ती फसवणूक वाटली. म्हणजे इंधनाच्या ओळीत तीन पर्याय आहेत, हे त्यांनी विचारातच घेतलं नव्हतं. ८ सप्टेंबर १९४४ ला पहिलं व्ही-२ लंडनवर पडलं.

अर्थात, तक्त्यात जोडणी असणं म्हणजे भाकीत नव्हे. ५७६ पैकी कोणती कोणी बांधतंय, हे तक्ता सांगत नाही. शिवाय ओळी वाढल्या की जोडण्या आवरत नाहीत. झ्विकींच्याच पुढच्या तक्त्यात त्या ३६,८६४ झाल्या. आणि जी ओळ लिहायचीच राहिली, तिच्याबद्दल तक्ता गप्पच राहतो. म्हणून असा तक्ता हाती आला की आपण आधी जोडण्या मोजू नये. प्रत्येक ओळीत एकच पर्याय आपण मनातल्या मनात धरून तर बसलो नाही ना, ते पाहावं.