नोटीस पिरियड ‘विकत घेऊन’ नोकरी सोडताना खरा खर्च किती? रजा आणि जॉइनिंग बोनसचा हिशेब

श्रीरामपूर : आपल्या शहरातली अनेक मुलं-मुली आता पुण्यात, मुंबईत, नाशिकला खासगी कंपन्यांत नोकरी करतात. नवी ऑफर आली की घरी फोन येतो, “अब्बा, पगार वाढतोय, पण नवी कंपनी म्हणते महिन्यात या. इथली नोटीस तीन महिन्यांची आहे, बाकीचे पैसे भरून टाकतो.” घरच्यांना वाटतं, दोन महिन्यांचा पगार गेला, तेवढंच. प्रत्यक्षात आकडा वेगळाच निघतो, कारण त्यात साठलेली रजा आणि घेतलेला जॉइनिंग बोनस हे दोन हिशेब मिसळतात. म्हणून आम्ही एक उदाहरण शेवटपर्यंत मांडून दाखवत आहोत. मुलगा काल्पनिक आहे, पण अटी नेहमी पाहायला मिळतात तशाच आहेत.

समजा त्याचं नाव आरिफ. तो १ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यातल्या एका कंपनीत लागला. महिन्याचा एकूण पगार ६०,००० रुपये, त्यातला मूळ पगार म्हणजे बेसिक ३०,०००. रुजू होताना १ लाख रुपये जॉइनिंग बोनस मिळाला. अट अशी की १८ महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत करायचा. नोटीस ९० दिवसांची. नव्या कंपनीने ८५,००० रुपये पगार देऊ केला आणि १ जूनला हजर व्हायला सांगितलं. आरिफने २ मे २०२६ ला राजीनामा दिला. ३१ मे पर्यंत त्याच्या नोटिसीचे ३० दिवस होतात, म्हणजे ६० दिवस कमी पडतात.

आता पहिला प्रश्न : हे ६० दिवस कोणत्या दराने मोजायचे? नेमणूकपत्रात ‘नोटीस किंवा त्याऐवजी पगार’ असं लिहिलेलं असतं, पण पगार म्हणजे बेसिक की एकूण, हे पुढच्या ओळीत असतं आणि ती ओळ फार कमी लोक वाचतात. बेसिकवर मोजलं तर दिवसाचे १,००० रुपये, एकूण ६०,०००. पूर्ण पगारावर मोजलं तर दिवसाचे २,००० रुपये, एकूण १,२०,०००. एका शब्दाने खर्च दुप्पट होतो. आरिफच्या पत्रात ‘एकूण मासिक पगार’ असा शब्द आहे, म्हणून त्याच्यावर १,२०,००० बसतात.

त्याच ओळीत आणखी एक गोष्ट पाहायची. पैसे भरून लवकर जाण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे की तो ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ आहे? मर्जीनुसार असेल तर पैशांची थैली घेऊन गेलात तरी कंपनी ‘पूर्ण नोटीस द्या’ म्हणू शकते. न विचारता निघून गेलात तर रिलीव्हिंग लेटर अडकतं, आणि नवी कंपनी पहिल्या दिवशी तेच मागते. त्यामुळे मॅनेजर तोंडी ‘हो’ म्हणाले तरी सुटकेची तारीख ईमेलवर आल्याशिवाय नव्या कंपनीला तारीख कळवू नये.

दुसरा भाग रजेचा. आरिफची २२ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय पदांवरचे लोक यात धरत नाहीत, त्यांना कंपनीचं धोरण लागू. किरकोळ आणि आजारपणाची रजा बहुतेक कंपन्या सोडताना मोजत नाहीत. म्हणून शिल्लक पाहताना फक्त अर्जित रजेचा आकडा धरा.

या २२ दिवसांचा उपयोग दोन तऱ्हेने होतो. एक म्हणजे रजेचे पैसे घेणे. ते सहसा बेसिकवर मिळतात, म्हणजे दिवसाचे १,००० प्रमाणे २२,००० रुपये. काही ठिकाणी बेसिकला ३० ऐवजी २६ ने भागतात, मग थोडे जास्त येतात. दुसरी तऱ्हा म्हणजे ही रजा कमी पडणाऱ्या नोटिसीत वळती करून घेणे. मग ६० दिवसांचे ३८ दिवस उरतात आणि भरायची रक्कम १,२०,००० वरून ७६,००० वर येते. म्हणजे तेच २२ दिवस पहिल्या तऱ्हेने २२,००० चे, दुसऱ्या तऱ्हेने ४४,००० चे. कारण साधं आहे : कंपनी देताना बेसिक धरते आणि घेताना पूर्ण पगार. आमच्या मते अख्ख्या हिशेबात सहज हाती लागणारी बचत हीच आहे, आणि ती न मागितल्यामुळेच जाते. सगळ्या कंपन्या हे मान्य करत नाहीत, पण राजीनाम्याच्या मेलमध्येच ‘माझी शिल्लक अर्जित रजा नोटिसीच्या कमी दिवसांत वळती करावी’ असं लिहून विचारावं. मात्र नोटिसीच्या काळात रजा घेऊन घरी बसणं ही वेगळी गोष्ट आहे. पुष्कळ कंपन्यांत तशी रजा घेतली की तेवढे दिवस नोटीस पुढे सरकते.

तिसरा आणि सर्वांत जड भाग बोनसचा. १ फेब्रुवारी २०२५ पासून १८ महिने ३१ जुलै २०२६ ला पूर्ण होतात. आरिफ ३१ मेला सुटला तर १६ महिने झाले, दोन राहिले. अट ‘प्रमाणात’ परत करण्याची असेल तर १ लाखाचे दोन-अठरांश, म्हणजे ११,१११ रुपये. अट ‘पूर्ण रक्कम’ अशी असेल तर १६ महिने कामाचे कुणी धरत नाही, पूर्ण १ लाख. आरिफचं पत्र दुसऱ्या प्रकारचं आहे.

शिवाय १ लाख त्याच्या हातात आलेच नव्हते. १० टक्के कर आणि त्यावरचा उपकर कापून ८९,६०० आले होते. कंपनी मात्र पूर्ण १ लाख मागते, कारण कापलेला कर तिने सरकारात भरलेला असतो. बोनस आणि वसुली एकाच आर्थिक वर्षात असतील तर कंपनी पगाराच्या आकड्यातच दुरुस्ती करू शकते. इथे वर्ष बदललं आहे, त्यामुळे १०,४०० रुपयांची तफावत सध्या तरी आरिफच्याच अंगावर. ‘हातात आलेली रक्कमच परत घ्यावी’ अशी विनंती करून पाहायला हरकत नाही, पण ती सही करण्याच्या वेळी, ऑफर घेताना केलेली बरी.

आता बेरीज. कंपनीकडून येणे : मे महिन्याचा पगार ६०,००० आणि रजेचे २२,०००, एकूण ८२,०००. कंपनीला देणे : नोटिसीचे १,२०,००० आणि बोनस १ लाख, एकूण २,२०,०००. म्हणजे शेवटच्या महिन्याचा पगार तर मिळणार नाहीच, वर १,३८,००० रुपये भरायचे. पीएफ आणि करकपात सोपेपणासाठी सोडली आहे. रजा नोटिसीत वळती झाली तर हाच आकडा १,१६,००० होतो. अनेक घरांत हे पैसे व्याजाने काढायचे नसतात, मामा-चाचांकडून कर्ज-ए-हसना घेतलं जातं. म्हणून रक्कम राजीनाम्याआधी माहीत असणं गरजेचं आहे, नंतर नव्हे.

आरिफने पूर्ण ९० दिवस काम केलं असतं तर? नोटिसीचा खर्च शून्य. पण २ मेपासून ९० दिवस मोजा : मेचे ३०, जूनचे ३०, जुलैचे ३०. शेवटचा दिवस येतो ३० जुलै. बोनसची मुदत संपते ३१ जुलैला! एका दिवसासाठी १ लाख गेले असते. राजीनामा ३ मेला टाकला असता तर हा पेच आला नसता. काही पत्रांत तर मुदत राजीनाम्याच्या तारखेपर्यंत मोजतात, शेवटच्या दिवसापर्यंत नाही. तसं असेल तर मुदत संपेपर्यंत राजीनामाच द्यायचा नाही.

घाईची किंमतही पाहू. नव्या नोकरीत महिन्याला २५,००० जास्त आहेत, म्हणजे जून-जुलैचे ५०,००० जास्त मिळतील. त्यासाठी २,२०,००० मोजायचे. फरक १,७०,००० चा, आणि तो वाढीव पगारातून भरून यायला आणखी सात महिने लागतात. नवी कंपनी थांबायला तयार असेल तर दोन महिने थांबणं सरळ फायद्याचं. थांबायला तयार नसेल तर तिच्याकडूनच नोटिसीची भरपाई मागावी. पुष्कळ कंपन्या देतात, पण पगारातून देतात, त्यामुळे त्यावर कर कापला जातो, आणि बहुधा तिच्यावरही ‘वर्षाच्या आत सोडलं तर परत’ ही अट असते. ऑफर लेटरमध्ये आकडा छापून आला तरच धरायचा.

‘असली अट कोर्टात टिकत नाही, भरू नकोस’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांनी १४ मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा विजया बँकेच्या खटल्यातला निकाल पाहावा. तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट होती. अधिकाऱ्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, पण सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. सरकारी बँकेच्या भरती प्रक्रियेचा खर्च हा त्यातला एक मोठा मुद्दा होता, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीची कोणतीही रक्कम आपोआप बरोबर ठरत नाही. पण अट आपोआप रद्दही ठरत नाही.

शेवटी हिशेबाचा कागद, म्हणजे फुल अँड फायनल, हातात आल्यावर दोन ओळी तपासा. नोटिसीच्या रकमेवर जीएसटी लावला आहे का? ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकानुसार अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, तो काढून घ्यायला सांगा. दुसरी ओळ पीएफची. पीएफचे पैसे कंपनी या वसुलीत धरू शकत नाही. कराच्या बाबतीत, फॉर्म १६ मध्ये बहुधा पूर्ण पगार दिसतो, नोटिसीची कपात वजा होत नाही. अहमदाबादच्या आयकर न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये निव्वळ पगारावरच कर घ्यावा असं एका प्रकरणात म्हटलं होतं, पण सगळीकडे ते मानलं जात नाही. रक्कम मोठी असेल तर सीएला दाखवूनच रिटर्न भरा. रजेच्या पैशांवर मात्र नोकरी सोडताना, ठरलेल्या मर्यादेत, करसूट मिळते. खासगी नोकरदारांसाठी ती आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त २५ लाख आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर पगाराची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यावी असं लिहिलं आहे. कंपन्यांची जुनी सवय मात्र महिना-दीड महिना लावण्याची आहे, तेव्हा तारीख लिहून मागा. आणि कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती सदस्य पोर्टलवर ‘Mark Exit’ मध्ये स्वतः टाकता येते, त्यासाठी जुन्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.