भेटवस्तूतील बटन सेल आणि चुंबक : देण्यापूर्वी करावयाची तपासणी

घड्याळ, रिमोट, संगीत वाजविणारे शुभेच्छापत्र आणि दिवाळीतील विजेच्या पणत्या यांत चपटा, चकचकीत बटन सेल बसविलेला असतो. त्यातील सीआर २०३२ हा लिथियम सेल २० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा असून त्याचा दाब तीन व्होल्ट असतो. लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका याच आकाराचा सेल अडकतो.

सेल फुटून आतील रसायन बाहेर आले तरच इजा होते, हा समज चुकीचा आहे. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तराला सेलची दोन्ही टोके टेकली की त्यातून वीज वाहू लागते आणि ऋण टोकाजवळ तीव्र अल्कली तयार होऊन ऊती भाजत जातात. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. घड्याळ चालविण्यास निकामी ठरलेल्या सेलमध्येही यापुरती वीज उरलेली असते. म्हणून संपलेला सेल घरात कोठेही पडू देणे धोक्याचे असते.

दोन तासांचा हा हिशेब भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावी विशेष महत्त्वाचा ठरतो. दुर्बिणीने सेल काढण्याची सोय सहसा मोठ्या रुग्णालयांत असते आणि नागपूर येथून रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. शहरातून अशा गावी वाढदिवसाला किंवा बारशाला जाताना नेलेली वस्तू म्हणूनच निघण्यापूर्वी घरीच उघडून पाहावी. बारशाच्या घरातील बाळ पाळण्यात असले, तरी त्याचे दोन-तीन वर्षांचे भावंड हाताला लागेल ते तोंडात घालत असते, हे बहुधा लक्षात राहत नाही.

समजा, पिशवीत दिवे लागणारी प्लास्टिकची बाहुली आहे. तिच्या पाठीवरील सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे का, हे प्रथम पाहावे. झाकण नखाने किंवा नाण्याने उघडत असेल, तर ती बाहुली बाजूला ठेवावी. स्क्रू असला तरी पेचकसाने तो पक्का बसतो की नुसताच फिरत राहतो, हे तपासावे. नंतर ती कमरेएवढ्या उंचीवरून तीन-चार वेळा फरशीवर पाडावी आणि कानाशी धरून हलवावी. आत काही खुळखुळले किंवा झाकणाला फट पडली, तर ती देऊ नये. दुकानदार सोबत सुटे सेल देतात, ते पाकिटात तसेच राहू देऊ नयेत. शुभेच्छापत्रातील सेल तर नुसत्या कागदाच्या पडद्याआड असतो. लहान मूल असलेल्या घरी साधे पत्रच न्यावे.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते आहे की नाही, हे अवश्य पाहावे. मात्र शुभेच्छापत्र, पणती किंवा फ्रिजवरील शोभेची वस्तू खेळणे मानली जात नाही आणि नेमक्या याच वस्तू निर्धास्तपणे दिल्या जातात.

चुंबकाची इजा निराळी असते. गिळलेला एकच चुंबक बहुतेकदा शौचावाटे निघून जातो, पण दोन असले तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिरडते आणि तिला छिद्र पडते. एक चुंबक व दुसरा लोखंडी तुकडाही यास पुरेसा असतो. आरंभी मुलाला थोडी पोटदुखी वा उलटी एवढेच होते व ते अपचनावर जाते. तपासण्यासाठी सेफ्टी पिन दोऱ्याला बांधून खेळण्यावरून फिरवावी. जेथे ती ओढली जाईल तेथे चुंबक आहे. फ्रिजवर चिकटणाऱ्या अक्षरांत तो मागे नुसता चिकटविलेला असतो, तो नखाने उचकटून पाहावा. सुट्या, मण्यांएवढ्या चुंबकगोळ्यांचा संच अशा घरी नेऊच नये.

सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये. लाळ गळणे, घास नाकारणे, खोकला ही लक्षणे सर्दीसारखीच भासतात आणि गिळताना कोणी पाहिलेले नसते. उलटी करवू नये. सेल नाकात गेला असेल, तर थेंब घालू नयेत. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि ते गिळू शकत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, असे जास्तीत जास्त सहा वेळा देता येते. मधाने इजेचा वेग मंदावतो, सेल निघत नाही. त्यामुळे मध शोधण्यात निघण्यास उशीर करू नये. जवळच्या रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढताना ‘बटन सेल असू शकतो’ असे स्पष्ट सांगावे. समोरून काढलेल्या चित्रात सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला ते नसते.