शेन्स्टेडची पहिली ओळ

१/
नोकरीसाठीच्या कोडिंग चाचणीत एक प्रश्न वारंवार येतो. संख्यांची एक क्रमिका दिलेली असते. तिच्यातील काही संख्या गाळायच्या, उरलेल्यांचा क्रम बदलायचा नाही आणि जास्तीत जास्त लांबीची चढती उपक्रमिका किती लांब निघते ते सांगायचे. हाच ‘लाँगेस्ट इन्क्रीझिंग सबसिक्वेन्स’चा प्रश्न. त्याचे जलद उत्तर दहाएक ओळींत मावते. त्या ओळींमागची कृती १९६१ साली एका भौतिकशास्त्रज्ञाने छापली होती, आणि तिचा मोठा भाग चाचणीतील कोड टाकून देतो.

२/
प्रश्नाची मुळे त्याहून जुनी आहेत. १९३०च्या दशकाच्या आरंभी बुडापेस्टमध्ये तरुण गणितप्रेमींचा एक गट जमत असे. एस्थर क्लाइन हिने तेथे प्रतलावरील बिंदू आणि बहिर्वक्र चौकोन यांविषयी एक कोडे मांडले. पॉल एर्डश आणि जॉर्ज सेकेरेश यांनी त्यावर १९३५ साली लेख प्रसिद्ध केला. पुढे क्लाइन आणि सेकेरेश यांचा विवाह झाला, म्हणून एर्डशने त्या कोड्याला ‘हॅपी एंडिंग’ हे नाव दिले. त्याच लेखात एक छोटा सिद्धान्त होता: n² + 1 वेगवेगळ्या संख्या कोणत्याही क्रमाने लिहा, त्यांत n + 1 लांबीची चढती किंवा उतरती उपक्रमिका असतेच.

३/
‘असतेच’ एवढेच सिद्धान्त सांगतो. समोरच्या क्रमिकेत ती नेमकी किती लांब आहे, हे तो सांगत नाही. त्याचे उत्तर क्रेग शेन्स्टेड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ साली ‘कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये दिले. (हा गृहस्थ पुढे पटावरील खेळ रचण्यात रमला आणि त्याने आपले नावही बदलून ‘एआ’ असे ठेवले.) गिल्बर्ट रॉबिन्सन या कॅनडाच्या गणितज्ञाने १९३८ सालीच त्याच्याशी समतुल्य रचना मांडली होती, पण तिचा हेतू निराळा होता.

४/
शेन्स्टेडची कृती साधी आहे. संख्या एकेक करून एका ओळीत ठेवायच्या. नवी संख्या ओळीतील सर्वांहून मोठी असेल तर ती शेवटी बसते. नसेल तर तिच्याहून मोठ्या अशा पहिल्या संख्येला ती ढकलून देते आणि तिच्या जागी बसते.

उदाहरणार्थ ५, ८, ३, ९, ४, ६, २ ही क्रमिका घ्या. ५ बसला, त्यामागे ८ बसला. ३ ने ५ ला ढकलले, ओळ झाली ३, ८. मग ९ शेवटी आला. ४ ने ८ ला हलवले: ३, ४, ९. ६ ने ९ ला हलवले: ३, ४, ६. शेवटी २ ने ३ ला हलवले: २, ४, ६. ओळीची लांबी ३, आणि उत्तरही ३.

५/
ही ओळ नक्की काय सांगते? तिच्यातील k-वी संख्या म्हणजे आतापर्यंत सापडलेल्या k लांबीच्या सर्व चढत्या उपक्रमिकांच्या शेवटच्या संख्यांपैकी सर्वांत लहान संख्या. शेवट जितका लहान, तितकी पुढची संख्या जोडण्याची संधी अधिक.

ओळ नेहमी चढती राहते याचे कारणही येथेच आहे. तीन लांबीच्या चढत्या उपक्रमिकेतील शेवटची संख्या काढली की दोन लांबीची उरते आणि तिचा शेवट आधीच्या शेवटाहून लहानच असतो. ओळ चढती असल्यामुळे नव्या संख्येची जागा शोधताना ती पहिल्यापासून तपासावी लागत नाही. मधली संख्या पाहायची, अर्धी ओळ सोडून द्यायची, पुन्हा मधली पाहायची. हाच बायनरी सर्च.

६/
फरक किती पडतो? क्रमिकेत १ लाख संख्या असतील आणि प्रत्येक संख्येची तिच्या आधीच्या सर्वांशी तुलना केली, तर सुमारे ५०० कोटी तुलना होतात. चाचणीची एक-दोन सेकंदांची मर्यादा त्यात केव्हाच संपते. बायनरी सर्चने प्रत्येक संख्येमागे फार तर १७ तुलना लागतात, म्हणजे एकूण सुमारे १७ लाख.

```python
from bisect import bisect_left

def lis(a):
    row = []
    for x in a:
        i = bisect_left(row, x)
        if i == len(row):
            row.append(x)
        else:
            row[i] = x
    return len(row)
```

७/
आता सापळा. चाचणीत लांबीऐवजी उपक्रमिकाच मागितली, तर अनेक जण `row` तशीच छापतात. वरच्या उदाहरणात ती २, ४, ६ आहे. पण मूळ क्रमिकेत २ सर्वांत शेवटी आला. त्याच्यानंतर ४ नाही आणि ६ ही नाही. खरी उपक्रमिका ३, ४, ६ किंवा ५, ८, ९ अशी आहे. ओळीची फक्त लांबी विश्वासार्ह असते, तिच्यातील संख्या एकाच उपक्रमिकेच्या असतीलच असे नाही.

उपाय असा: प्रत्येक संख्या ओळीत बसते त्या क्षणी तिच्या डावीकडे कोणती संख्या आहे, तिचे मूळ स्थान नोंदवून ठेवायचे. शेवटी ओळीतील अखेरच्या संख्येपासून या नोंदींच्या आधारे मागे जायचे. येथे ६ बसला तेव्हा डावीकडे ४ होता, आणि ४ बसला तेव्हा ३. उलट वाचले की ३, ४, ६ मिळते. नंतर आलेला २ या नोंदी बदलू शकत नाही.

८/
ढकललेल्या संख्यांचे काय होते? कोड त्या विसरतो, शेन्स्टेड विसरत नाही. ढकललेली संख्या खालच्या ओळीत जाते आणि तेथेही तोच नियम लागू होतो. आपल्या उदाहरणात शेवटी असा तक्ता तयार होतो:

```
2 4 6
3 8 9
5
```

पहिल्या ओळीची लांबी म्हणजे दीर्घतम चढत्या उपक्रमिकेची लांबी, आणि ओळींची संख्या म्हणजे दीर्घतम उतरत्या उपक्रमिकेची लांबी. येथे ती ३ आहे. ९, ४, २ ही त्यांपैकी एक.

एर्डश आणि सेकेरेश यांचा सिद्धान्तही या तक्त्यातून सहज दिसतो. चढती आणि उतरती या दोन्ही n पेक्षा लांब नसतील, तर तक्त्यात फार तर n ओळी असतील आणि एकाही ओळीत n हून अधिक घरे नसतील. अशा तक्त्यात n² संख्याच मावतात. एक अधिक आली की तिला जागा नाही.

९/
शेन्स्टेडच्या कृतीत समान संख्या आल्या की काय करायचे, हा मुद्दा डोनाल्ड क्नूथने १९७० साली आपल्या व्यापक रचनेत हाताळला. चाचणीतही तो आडवा येतोच. २, २, २ या क्रमिकेसाठी वरचा कोड १ हे उत्तर देतो, कारण `bisect_left` समान संख्येच्याच जागी नवी संख्या बसवतो. प्रश्नात ‘समान चालतील’ असे म्हटले असेल तर `bisect_right` हवा. मग उत्तर ३ येते. बाकी एकही अक्षर बदलावे लागत नाही, म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते. असे छोटे उदाहरण आधी चालवून पाहिले की ती लगेच उघडी पडते.

१०/
याहून वेगवान कृती शक्य आहे का? १९७५ साली मायकेल फ्रेडमन यांनी सिद्ध केले की, केवळ तुलना करून उत्तर काढायचे असेल तर वाईटात वाईट स्थितीत लागणाऱ्या तुलनांची संख्या n log n च्याच प्रमाणात वाढते. मात्र त्या सिद्धतेला ‘केवळ तुलना’ ही अट आहे. संख्या 1 ते n याच मर्यादेतील पूर्णांक असतील, तर ती अट उरत नाही आणि त्यांच्यासाठी किंचित अधिक वेगवान पद्धती उपलब्ध आहेत.