फ्रीलान्सरचे व्यावसायिक नाव: वेबसाइट, बिल आणि प्रोफाइलवर एकच कसे ठेवावे?

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनर, अनुवादक किंवा छायाचित्रकाराची ओळख अनेक ठिकाणी विखुरलेली असते. वेबसाइटवर एक नाव, इन्स्टाग्रामवर दुसरे आणि बिलावर तिसरे असे सहज होते. काम मिळवताना त्याचे फारसे अडत नाही. अडचण येते ती पैसे मिळताना. काम दिले एका नावाला, बिल आले दुसऱ्या नावाने आणि बँक खाते निघाले तिसऱ्याच नावाचे, असे दिसले की ग्राहक कंपनीचा हिशेब विभाग बिल परत पाठवतो.

कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव

एकट्याने व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीला भारतात एकल मालक किंवा प्रोप्रायटर म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मालक आणि त्याचा व्यवसाय वेगळे नसतात. व्यवसायाला वेगळे पॅन मिळत नाही, मालकाचेच पॅन वापरावे लागते. त्यामुळे पॅनवरचे नाव हे कायदेशीर नाव ठरते. ग्राहकाने कापलेला टीडीएसही त्याच पॅनवर जमा होतो.

लोकांसमोर वापरायचे व्यापारी नाव मात्र स्वतः निवडता येते. जीएसटी नोंदणी प्रमाणपत्रावर या दोन्ही नावांसाठी वेगवेगळ्या जागा असतात. म्हणून ‘एकच नाव’ याचा अर्थ असा, की व्यापारी नाव सगळीकडे अक्षरशः सारखे असावे आणि पैशांचा संबंध येतो तिथे त्याच्याखाली कायदेशीर नाव असावे. व्यापारी नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘एलएलपी’ मात्र जोडता येत नाही. ते शब्द तशी नोंदणी असलेल्या संस्थांसाठीच आहेत.

मराठी नावाचे रोमन स्पेलिंग

देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाणारे नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिता येते. ज्ञानदा संजय क्षीरसागर या काल्पनिक ग्राफिक डिझायनरचे उदाहरण घेऊ. मराठी माणूस तिचे नाव `Dnyanada` असे लिहील, तर हिंदी भाषक ग्राहक ऐकून `Gyanada` लिहील. आडनाव `Kshirsagar` असेही लिहिले जाते आणि `Ksheersagar` असेही.

अशा वेळी पॅनवरचे स्पेलिंग हाच आधार धरावा, मग ते ऐकायला थोडे अवघड असले तरी. प्रोफाइलवर सोपे आणि पॅनवर वेगळे असे दोन प्रकार ठेवले, तर पुढे प्रत्येक ग्राहकाला खुलासा देत बसावे लागते. पॅन, आधार आणि बँक खाते यांतच तफावत असेल, तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी.

१५ अक्षरांची चाळणी

प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. डोमेनच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि आडवी रेघ चालते, अधोरेखा चालत नाही. एक्सवर याच्या उलट आहे: तिथे अधोरेखा चालते, पण आडवी रेघ चालत नाही, आणि मर्यादा १५ अक्षरांची आहे. इन्स्टाग्रामवर ३० अक्षरे, टिंब आणि अधोरेखा चालतात. या सगळ्यांत बसणारे नाव हवे असेल, तर ते फक्त इंग्रजी अक्षरे आणि अंक यांचे आणि १५ अक्षरांच्या आत असावे लागते.

ज्ञानदाचे पर्याय या चाळणीतून पाहू. `dnyanadakshirsagar` मध्ये १८ अक्षरे होतात, म्हणून ते एक्सवर बसत नाही. `kshirsagardesign` मध्ये १६ होतात, म्हणजे एका अक्षराने हुकते. `dnyanadadesign` मध्ये १४ अक्षरे आहेत, ते सगळीकडे बसते. त्याचा आणखी एक फायदा असा, की पुढे आडनाव बदलले तरी हे नाव टिकते. तोटाही आहे. उद्या ती डिझाइन सोडून शिकवण्याकडे वळली, तर नावातला दुसरा शब्द आड येईल. तशी शक्यता वाटत असेल, तर `dnyanadak` असे कामाचा उल्लेख नसलेले नाव बरे.

नाव पक्के करण्यापूर्वी ते फोनवरून दोन-तीन अमराठी ओळखीच्यांना सांगावे आणि लिहून पाठवायला सांगावे. सगळ्यांनी `gyanadadesign` लिहिले, तर त्या स्पेलिंगचे डोमेनही घेऊन ते मूळ वेबसाइटकडे वळवता येते.

ट्रेडमार्क आधी तपासावा

डोमेन मोकळे आहे, याचा अर्थ नाव वापरायला मोकळे आहे असा होत नाही. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही मोफत शोध घेता येतो. वस्तू आणि सेवांचे तिथे ४५ वर्ग आहेत. ग्राफिक डिझाइन ४२व्या वर्गात येते, जाहिरात ३५व्या आणि प्रशिक्षण ४१व्या वर्गात. आपल्या वर्गात तेच किंवा उच्चाराने जवळचे नाव नोंदलेले आढळले, तर ते सोडून द्यावे. वेबसाइट आणि ग्राहक जमल्यावर नाव बदलणे बरेच महाग पडते.

बिलावर नाव कसे लिहावे?

ज्ञानदाचे बचत खाते तिच्या स्वतःच्या नावाने आहे. ऑनलाइन पैसे पाठवताना आता बँका आणि यूपीआय अ‍ॅप समोरच्या खातेदाराचे बँकेतील नाव दाखवतात. म्हणजे ग्राहकाला ‘ज्ञानदा डिझाइन’ दिसणार नाही, तिचे पूर्ण नाव दिसेल. बिलावर फक्त व्यापारी नाव असेल, तर पैसे पाठवणारा तिथेच थांबतो. म्हणून बिलावर दोन्ही नावांचा संबंध दाखवावा:

```
Dnyanada Design
Proprietor: Dnyanada Sanjay Kshirsagar
PAN: (पॅन क्रमांक)
Account name: Dnyanada Sanjay Kshirsagar
```

खात्याचे नाव बँकेत आहे तसेच, मधल्या नावासह लिहावे. जीएसटी नोंदणी असेल, तर जीएसटी क्रमांक द्यावा आणि वरचे व्यापारी नाव प्रमाणपत्रावरच्या नावाशी जुळवावे. परदेशातून पैसे येणार असतील, तर ही काळजी अधिकच घ्यावी. नाव जुळले नाही, तर बँक रक्कम जमा करण्याआधी खुलासा मागू शकते.

व्यापारी नावानेच पैसे स्वीकारायचे असतील, तर त्या नावाने चालू खाते उघडावे लागते. त्यासाठी बँक सहसा व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे मागते. उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र आणि ‘शॉप अ‍ॅक्ट’ची कागदपत्रे त्यासाठी चालतात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. या प्रत्येक अर्जात नाव एकाच स्पेलिंगने भरावे. एका कागदावर ‘Design’ आणि दुसऱ्यावर ‘Designs’ असले, तरी अर्ज अडू शकतो.

कोणत्या क्रमाने करावे?

आधी ट्रेडमार्कचा शोध, मग एकाच दिवशी डोमेन आणि सगळीकडची प्रोफाइल नावे, त्यानंतर उद्यम आणि जीएसटीसारख्या नोंदणी आणि शेवटी बँक खाते व बिलाचा नमुना, हा क्रम सोयीचा आहे. प्रोफाइलचे नाव काही मिनिटांत बदलता येते. जीएसटीतील व्यापारी नाव बदलण्यासाठी मात्र दुरुस्तीचा अर्ज करून अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून बदलायला सोप्या ठिकाणी नाव आधी पारखावे आणि मगच ते सरकारी कागदांवर चढवावे.