नाभीपासून मोजा : सीईटीतली भिंगांची आणि आरशांची गणितं

व्हाइटफील्डमधल्या मराठी घरांत दुसऱ्या पीयूसीला असलेली मुलं बहुधा दोन परीक्षांची तयारी एकाच वेळी करतात : इथली केसीईटी आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. केसीईटीत भौतिकशास्त्राचे 60 प्रश्न 80 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 80 सेकंद. महाराष्ट्रात भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे जेमतेम 54 सेकंद. कॅल्क्युलेटर चालत नाही. एवढ्या वेळात 1/v, 1/u, 1/f ची बेरीज-वजाबाकी आणि प्रत्येक पदाचं चिन्ह सांभाळणं हाच भिंग-आरशाच्या गणितातला खरा खर्च आहे. तो टाळता येतो, कारण अंतरं भिंगापासून किंवा आरशापासूनच मोजली पाहिजेत असं बंधन नाही. ती नाभीपासून मोजली की व्यस्तांकच उरत नाहीत.

वस्तूचं तिच्या नाभीपासूनचं अंतर x आणि प्रतिमेचं तिच्या नाभीपासूनचं अंतर x' धरा. मग न्यूटनच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र मिळतं : x · x' = f². त्यातूनच विशालन m = f/x आणि x' = m · f. इथे सगळ्या राशी धन घ्यायच्या. आरसा असो वा भिंग, सूत्र तेच.

2010 च्या आयआयटी-जेईईतलं एक गणित घेऊ. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 20 सेंमी आहे. वस्तू 25 सेंमीवरून 50 सेंमीवर नेली, तर दोन विशालनांचं गुणोत्तर किती? नेहमीच्या वाटेने आधी v = 100, मग v = 33.3, मग दोन विशालनं 4 आणि 2/3, आणि शेवटी भागाकार. नाभीपासून मोजलं तर वस्तू आधी 5 सेंमीवर होती, नंतर 30 सेंमीवर गेली. विशालन x च्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे गुणोत्तर 30/5 = 6. प्रतिमा कुठे पडते हे काढावंच लागलं नाही.

अक्षावर आडव्या ठेवलेल्या काठीचं गणितही असंच सुटतं, आणि तिथे चूक हमखास होते. अंतर्वक्र आरसा, f = 10 सेंमी, काठी 10 सेंमी लांब, तिचं जवळचं टोक आरशापासून 20 सेंमीवर. पुष्कळ मुलं m² ने लांबी गुणतात. जवळच्या टोकाशी m = 1 असल्याने उत्तर 10 येतं आणि ते पर्यायांतही दिलेलं असतं. पण m² चा नियम फक्त अगदी छोट्या लांबीला लागू पडतो. नाभीपासून टोकं 10 आणि 20 सेंमीवर आहेत, म्हणून प्रतिमेची टोकं 100/10 = 10 आणि 100/20 = 5 सेंमीवर पडतात. प्रतिमेची लांबी 5 सेंमी.

ही रीत फसते ती x ठरवताना. बहिर्वक्र आरसा आणि अंतर्वक्र भिंग यांत वस्तूची नाभी पलीकडच्या बाजूला असते, म्हणून तिथे x = u + f. बहिर्वक्र आरसा, f = 20, वस्तू 30 सेंमीवर : x = 50, म्हणून m = 0.4 आणि x' = 8. प्रतिमा आरशामागे 20 − 8 = 12 सेंमीवर. कोणी सवयीने 30 − 20 = 10 घेतलं तर m = 2 येईल. वास्तव वस्तूची मोठी प्रतिमा बहिर्वक्र आरसा कधीच देत नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडता येते. अंतर्वक्र आरसा आणि बहिर्वक्र भिंग यांत मात्र x म्हणजे u आणि f यांतला फरक. परत आरशापर्यंतचं किंवा भिंगापर्यंतचं अंतर हवं असेल, तर वास्तव प्रतिमेला f आणि x' ची बेरीज करा, आभासी प्रतिमेला त्यांतला फरक घ्या.

प्रश्नात नुसतं 'प्रतिमा तिप्पट' एवढंच असेल, तर f = 20 साठी x = 6.67, आणि वस्तू नाभीच्या अलीकडे किंवा पलीकडे, म्हणजे 13.3 किंवा 26.7 सेंमीवर असू शकते. दोन्ही आकडे पर्यायांत असतात. 'पडद्यावर' किंवा 'उलटी' असा शब्द दिसला तर 26.7, 'सुलटी' असेल तर 13.3. हा एक शब्द शोधायला दिलेले पाच सेकंद वाया जात नाहीत.

भिंग पाण्यात बुडवलं असेल तर आधी नवं नाभीय अंतर काढावंच लागतं. काचेच्या भिंगाचं ते सुमारे चौपट होतं. दोन्ही बाजूंना वेगवेगळी माध्यमं असतील, तर f² च्या जागी दोन बाजूंच्या नाभीय अंतरांचा गुणाकार येतो. एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन भिंगांच्या गणितात या रीतीने फारसा वेळ वाचत नाही, कारण पहिल्या प्रतिमेचं अंतर दुसऱ्या भिंगाच्या नाभीपासून पुन्हा मोजावं लागतं. तिथे एनसीईआरटीच्या पुस्तकातली चिन्हांसकटची नेहमीची वाटच धरावी. आणि बारावीच्या लेखी परीक्षेत, जिथे पायऱ्यांना गुण असतात, तिथेही तीच लिहावी.