बायोपिकमधली संमिश्र पात्रं आणि आकसलेला काळ म्हणजे काय? इतिहास त्यात कुठे हरवतो?

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' या 1982च्या चित्रपटात कस्तुरबा आणि अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट समोरासमोर बसून बोलतात. कस्तुरबांची भूमिका पुण्यात जन्मलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली आहे. दोघींचं संभाषण सहज आणि खरं वाटतं.

पण ही भेट होणं शक्यच नव्हतं. कस्तुरबांचं निधन 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत असताना झालं. गांधीजींचं चरख्यासोबतचं प्रसिद्ध छायाचित्र बर्क-व्हाइट यांनी काढलं ते 1946 मध्ये, पुण्यातच. म्हणजे शहर एकच असलं, तरी मध्ये दोन वर्षं आणि एक मृत्यू आहे.

ही चूक नकळत झालेली नाही. चरित्रपट लिहिताना सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका तंत्राचा हा परिणाम आहे.

आकसलेला काळ म्हणजे काय?

वेगवेगळ्या वर्षांत घडलेल्या घटना जवळ आणून सलग घडल्यासारख्या दाखवणं म्हणजे काळ आकसणं. इंग्रजीत याला 'कंप्रेस्ड टाइमलाइन' म्हणतात.

कारण साधं आहे. 'गांधी' चित्रपटाची मुख्य गोष्ट 1893 ते 1948 अशी 55 वर्षांची आहे आणि चित्रपटाची लांबी 191 मिनिटं. सगळ्या वर्षांना सारखा वेळ द्यायचा म्हटलं, तर एका वर्षाच्या वाट्याला जेमतेम साडेतीन मिनिटं येतात. त्यामुळे काही वर्षं गाळावी लागतात, काही एकमेकांत मिसळावी लागतात. चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवरच ही मर्यादा मान्य केलेली आहे.

संमिश्र पात्र म्हणजे काय?

दोन-तीन किंवा अधिक खऱ्या व्यक्तींची कामं एकाच पात्राला देणं म्हणजे संमिश्र पात्र, अर्थात 'कंपोझिट कॅरेक्टर'.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजा गावातून 1985 मध्ये शिकायला बाहेर पडलेल्या एका मुलीवर चित्रपट काढायचा आहे. तिला फी भरायला मामांनी मदत केली, अर्ज मुख्याध्यापकांनी भरून दिला आणि घरच्यांची समजूत शेजारच्या काकूंनी काढली. पटकथाकार या तिघांचे मिळून एक 'देशमुख सर' करतो. एकच नट, एकच ओळख आणि प्रेक्षकांना लक्षात ठेवायला एकच नाव. सोय होते, पण मामा आणि काकू गोष्टीतून गायब होतात. गावातल्या एका बाईनं शब्द टाकला म्हणून मुलगी शिकली, ही बाबही त्यांच्यासोबत जाते.

याच चित्रपटात ती मुलगी 1985 मध्ये 'वाशीमच्या कलेक्टर ऑफिसात' दाखला आणायला गेली, तर समजावं की काळ आकसला आहे. वाशीम जिल्हा झाला 1998 मध्ये. त्याआधी हा भाग अकोला जिल्ह्यात होता.

'गांधी'मधला वॉकर कोण?

मार्टिन शीन यांनी साकारलेला अमेरिकन पत्रकार विन्स वॉकर गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत भेटतो. पुढे 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातही तोच दिसतो आणि धारासणेच्या मिठागरावर सत्याग्रहींवर झालेल्या लाठीमाराची बातमी तोच फोनवरून जगाला कळवतो.

विन्स वॉकर नावाचा असा पत्रकार नव्हता. धारासणेची ती बातमी 21 मे 1930 रोजी युनायटेड प्रेसचे वेब मिलर यांनी दिली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याच्या वेळी मिलर तिथे नव्हते. पटकथाकार जॉन ब्रायली यांनी मुख्यतः मिलर यांच्यावरून हे पात्र बेतलं आणि इतर बातमीदारांचं कामही त्याच्याकडे दिलं.

यात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे मिलर यांचं श्रेय. चित्रपट पाहून त्यांचं नाव कुणालाच कळत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एकच परदेशी पत्रकार पहिल्यापासून गांधीजींना ओळखतो, म्हणून तो त्यांची बाजू जगापुढे मांडतो, असं नातं तयार होतं. प्रत्यक्षात मिलर बातमीसाठी आले होते आणि डोळ्यांसमोर जे घडलं ते त्यांनी लिहिलं. जुन्या ओळखीचा माणूस आणि बाहेरून आलेला साक्षीदार यांच्या शब्दांचं वजन सारखं नसतं.

मग मोठं नुकसान कुठे होतं?

कस्तुरबा आणि बर्क-व्हाइट यांची अशक्य भेट ही तारखेची गफलत आहे. त्यामुळे कोणत्याही घटनेचं कारण बदलत नाही. 1931 नंतरची उडी मात्र वेगळी आहे.

चित्रपट लंडनच्या गोलमेज परिषदेनंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळाकडे सरकतो. मधल्या 1932 मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात जे घडलं, ते पडद्यावर येतच नाही. ब्रिटिश सरकारनं दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले होते. त्याविरोधात गांधीजींनी 20 सप्टेंबरला उपोषण सुरू केलं. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडावी लागली आणि त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात 148 राखीव जागा मिळाल्या.

'गांधी' चित्रपटात आंबेडकर हे पात्रच नाही. त्यामुळे गांधीजींचं उपोषण प्रेक्षकाला ब्रिटिशांविरुद्धचं किंवा दंगल थांबवण्याचं साधन म्हणूनच दिसतं. त्याच साधनाचा दबाव देशातल्याच एका नेत्यावर आला होता, हे कळत नाही. इथे गाळलेल्या वर्षासोबत एक मतभेद आणि त्यातला दुसरा पक्षही गेला आहे. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटासोबत 'गांधी' पाहिला, तर ही रिकामी जागा ठळक दिसते.

सरळ कल्पना केलेला प्रसंग यात मोडतो का?

नाही. 'बाजीराव मस्तानी'मधलं 'पिंगा' हे गाणं घ्या. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात, यावर 2015 मध्ये बराच आक्षेप घेतला गेला. तो प्रसंग दोन घटना जोडून तयार केलेला नाही, तो कल्पनेतून आला आहे. संमिश्र पात्र आणि आकसलेला काळ यांत कच्चा माल खरा असतो, म्हणूनच ते ओळखणं अवघड जातं.

प्रेक्षकानं ओळखायचं कसं?

नायकाच्या प्रत्येक वळणावर एकच मित्र, पत्रकार किंवा अधिकारी हजर असेल आणि चरित्रग्रंथात त्याचं नाव सापडत नसेल, तर तो बहुधा संमिश्र आहे. काळासाठी जन्म-मृत्यूची वर्षं पुरतात. एकत्र दिसणारी दोन माणसं त्या वर्षी हयात होती का आणि त्या गावात होती का, एवढं तपासलं तरी बरंच उघड होतं.

गाळलेली वर्षं पकडणं याहून कठीण, कारण ती पडद्यावर नसतातच. त्यासाठी चरित्रातल्या घटनांची वर्षवार यादी घेऊन चित्रपटाशी ताडून पाहावी लागते. यादीत मोठी फट दिसली, की त्या काळात नायकाचा वाद कुणाशी झाला होता, हे आधी शोधावं.