‘प्लॉंक’पासून म्यूटपर्यंत

एखाद्याचं बोलणं ऐकू येऊ नये पण नातंही तुटू नये, अशी सोय संगणकाच्या जगात इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधी झाली होती. तिची मुळं यूझनेटमध्ये आहेत. वेगवेगळ्या विषयांच्या गटांमध्ये लोकांनी लेख टाकायचे आणि एका विद्यापीठाच्या संगणकावरून दुसऱ्यावर ते पोचायचे, असं ते जाळं होतं. हे लेख वाचण्यासाठी लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये `rn` नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढे पर्ल ही भाषा घडवणारे हेच ते वॉल. `rn` मध्ये वाचकाला `KILL` नावाची एक साधी फाइल ठेवता यायची. नको असलेला विषय किंवा नको असलेला माणूस तिच्यात एका ओळीत लिहायचा:

```
/From:.*ramu/h:j
```

म्हणजे लेखाच्या शीर्षभागात पाठवणारा म्हणून ‘ramu’ दिसला, तर तो लेख वाचून झाला असं समज आणि पुढे जा. रामूचे लेख इतर सगळ्यांना दिसत राहायचे, फक्त ही ओळ लिहिणाऱ्याच्या पडद्यावर ते यायचे नाहीत. रामूला याचा पत्ता लागायला मार्गच नव्हता, कारण ती फाइल वाचकाच्या स्वतःच्या खात्यात असायची आणि तिची खबर यूझनेटच्या जाळ्यावर कुठेच जात नसे.

तरीही रामूला बहुधा कळायचं, कारण लोक स्वतःच सांगायचे. एखाद्याला फाइलमध्ये टाकलं की त्याच्या शेवटच्या लेखाला उत्तर म्हणून ‘प्लॉंक’ एवढंच लिहायची पद्धत पडली. माणूस तळाशी जाऊन आपटल्याचा तो आवाज, आणि तो अख्ख्या गटाला ऐकवायचा. यंत्र गप्प होतं, माणसं गप्प नव्हती. पुढच्या काळात हे नेमकं उलटं झालं. आज सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, तुम्ही कोणाला गप्प केलंत हे कंपनीला ठाऊक असतं, आणि समोरच्याला ते सांगायचं नाही हा कंपनीने जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो. म्यूटमधली खरी नवी गोष्ट हा निर्णय आहे, असं मला वाटतं. लपवण्याचं तंत्र जुनंच होतं.

हा निर्णय किती नाजूक आहे, ते ट्विटरने १२ डिसेंबर २०१३ रोजी अनुभवलं. तोवर तिथे एखाद्याला ब्लॉक केलं की त्याचं फॉलो करणं तुटायचं आणि पुन्हा फॉलो करू गेला की त्याला अडवलं जायचं. म्हणजे त्याला कळायचं. कळल्यावर काही जण चवताळून आणखी त्रास देतात, हे कारण देऊन ट्विटरने ब्लॉकची रीतच बदलली. ब्लॉक झालेला माणूस फॉलो करत राहील, वाचत राहील, फक्त ब्लॉक करणाऱ्याला तो दिसणार नाही. आपला छळ करणाऱ्याला आपलं लिखाण वाचू द्यायचं आणि त्याने मागे काय चालवलंय हे आपल्यालाच दिसू द्यायचं नाही, याला ज्यांनी छळ सोसला होता त्यांनी कडाडून विरोध केला. त्याच दिवशी बदल मागे घ्यावा लागला. त्यांचा विरोध अगदी रास्त होता. भीती वाटणाऱ्याला दार बंद करायचं असतं, आणि कंटाळलेल्याला फक्त आवाज कमी हवा असतो. दोघांना एकच बटण देऊन चालत नाही. मे २०१४ मध्ये ट्विटरने म्यूट वेगळं आणलं आणि ब्लॉक जसं होतं तसं ठेवलं.

फेसबुकवर याच सुमारास जे ‘अनफॉलो’ आलं, त्याने आजही गोंधळ होतो. फेसबुकवरची मैत्री दोन्ही बाजूंची असते. तिथे अनफॉलो केलं तरी मैत्री टिकते, फक्त त्या व्यक्तीच्या पोस्ट आपल्यासमोर येत नाहीत. म्हणजे काम म्यूटचंच. इन्स्टाग्रामवर फॉलो करणं हा एकतर्फी धागा आहे आणि अनफॉलो केलं की तो धागाच तुटतो. फेसबुकची सवय घेऊन इन्स्टाग्रामवर अनफॉलो दाबणारे इथेच फसतात.

इन्स्टाग्रामवर स्टोरी ऑगस्ट २०१६ मध्ये आली. पोस्ट म्यूट करण्याची सोय मात्र २२ मे २०१८ रोजी जाहीर झाली, आणि समोरच्याला हे कळणार नाही असं तेव्हाच सांगितलं गेलं. पोस्टचं आणि स्टोरीचं बटण वेगळं असण्याला कारण आहे. पोस्ट माणूस बहुधा निवडून टाकतो, तर स्टोरी चोवीस तासांत जाणार म्हणून हात सैल सुटतो.

समजा, नणंद सहलीला गेली आहे आणि दर तासाला पाच-सहा स्टोऱ्या टाकते आहे. तिच्या बाळाचे फोटो मात्र पोस्टमध्ये येतात आणि ते तुम्हाला हवे आहेत. तिचं खातं प्रायव्हेट आहे. तुम्ही अनफॉलो केलंत, तर तिला सूचना जाणार नाही. पण तिच्या फॉलोअर्सचा आकडा एकाने घटेल, आणि यादीत नाव शोधलं तर सापडणार नाही. खातं प्रायव्हेट असल्याने बाळाचे जुने फोटोही तुम्हाला बंद होतील. महिन्याभराने परत यावंसं वाटलं, तर पुन्हा विनंती पाठवावी लागेल, आणि ती विनंती मात्र तिच्या फोनवर तुमच्या नावानिशी पोचेल. तोडताना न झालेला बोभाटा जोडताना होतो.

त्याऐवजी तिच्या प्रोफाइलवर जाऊन `Following` दाबा, मग `Mute`, आणि तिथे फक्त `Stories` चालू करा. तिची स्टोरी वरच्या ओळीत पुढे येणार नाही, आपोआप सुरूही होणार नाही. बाळाचे फोटो येत राहतील. तिच्या यादीत तुम्ही फॉलोअर म्हणून असाल, तिचा मेसेज नेहमीसारखा वाजेल, तिने तुम्हाला पोस्टमध्ये टॅग केलं तर तेही कळेल. तुमच्या स्टोऱ्या तिला दिसत राहतील, कारण म्यूट एकाच दिशेने चालतं. नको झालं की याच वाटेने बटण बंद करायचं, त्याचीही वार्ता तिला जात नाही.

एक फट मात्र उरते. स्टोरी कोणी पाहिली, ही यादी टाकणाऱ्याला ४८ तासांपर्यंत दिसते. एरवी रोज असणारं तुमचं नाव तिथून नाहीसं झालं, तर नणंदेच्या मनात शंका येऊ शकते. शंकाच, पुरावा नव्हे. कामाच्या गडबडीत इन्स्टाग्राम न उघडणाऱ्याचं नावही तसंच गायब असतं. उलट म्यूट करूनही तिच्या प्रोफाइलवर जाऊन तुम्ही स्टोरी उघडलीत, तर तुमचं नाव इतरांसारखंच त्या यादीत चढतं. म्यूट केल्यामुळे आपलं पाहणं लपत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

‘तुम्हाला कोणी म्यूट केलंय ते सांगतो’ म्हणणारी ॲप या सगळ्यावर जगतात. अनफॉलो ओळखणं त्यांना जमू शकतं, कारण फॉलोअर्सची कालची यादी आणि आजची यादी ताडून पाहिली की गळलेलं नाव सापडतं. म्यूटची अशी कुठलीच यादी इन्स्टाग्राम बाहेर देत नाही, त्यामुळे ताडून पाहायला त्यांच्याकडे काही नसतं. असं ॲप तुमचा पासवर्ड मागत असेल तर तो देऊ नका.